रेड ५ मध्ये एकच डिस्क ‘जाते’, मग लेखन इतकं मंद का?

आठ डिस्क, प्रत्येकी २ टीबी, आणि प्रत्येक डिस्क सेकंदाला १५० छोटी कामं उरकते, मग ते वाचन असो की लेखन. परीक्षेतलं रेडचं गणित बहुतेक असंच येतं. जागेचा हिशोब सोपा: रेड ० मध्ये १६ टीबी, रेड १० मध्ये ८, रेड ५ मध्ये १४, रेड ६ मध्ये १२. गोंधळ पुढे होतो.

सर्रास आढळणारा गैरसमज असा, की रेड ५ मध्ये पॅरिटीपायी एका डिस्कइतकी जागा जाते, म्हणजे लेखनाचा वेगही सात डिस्कचा, १०५० मिळणार. प्रत्यक्षात छोट्या, विखुरलेल्या लेखनाला ३००च मिळतात. कारण एक ब्लॉक बदलला की त्याची पॅरिटीही बदलावी लागते, आणि ती अशी निघते:

```
नवी पॅरिटी = जुनी पॅरिटी ⊕ जुना डेटा ⊕ नवा डेटा
```

समजा जुना डेटा १०११, नवा ०११० आणि जुनी पॅरिटी ११००. उत्तर ०००१. बाकीच्या सहा डिस्कना हातही लावावा लागला नाही, ही यातली खरी गंमत. पण जुना डेटा आणि जुनी पॅरिटी आधी वाचावी लागली, मग दोन्ही नव्याने लिहावी लागली. एका लेखनामागे चार कामं, म्हणून १२०० भागिले ४. रेड ६ मध्ये दोन पॅरिटी, म्हणजे सहा कामं आणि २०० लेखनं. रेड १० मध्ये दोनच प्रती लिहायच्या, म्हणून ६००. पूर्ण पट्टाच एकदम लिहायचा असेल, तर मात्र जुनं काही वाचावं लागत नाही आणि हा चौपट दंडही बसत नाही. प्रश्नात ‘छोटं’ लेखन म्हटलंय का, हे म्हणूनच आधी बघावं.

सगळी पॅरिटी एकाच डिस्कवर असते, हाही गैरसमजच. ते रेड ४. तिथे प्रत्येक लेखनाला त्याच डिस्कवर एक वाचन आणि एक लेखन करावं लागतं, त्यामुळे आठ डिस्क असूनही सेकंदाला ७५ लेखनांवर गाडी अडते. रेड ५ पॅरिटी सगळ्या डिस्कवर फिरवतं, ते यासाठीच.

‘रेड १० मध्ये चार डिस्क गेल्या तरी चालतं’ हे अर्धसत्य. चार जोड्यांतली एकेक गेली तरच. पहिली डिस्क गेल्यावर उरलेल्या सातांपैकी तिची जोडीदार एकच. दुसरी नेमकी तीच निघण्याची शक्यता १/७, आणि तसं झालं की डेटा गेला. म्हणून ‘खात्रीने किती?’ विचारलं तर उत्तर एक, ‘जास्तीत जास्त किती?’ विचारलं तर चार. रेड ६ मात्र कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी तगतं. खात्रीच्या हिशोबात ते रेड १०च्या पुढे आहे, आणि ऐकणाऱ्याला हे सहसा पटत नाही.