मूतखड्यांची बेरीज

१९८६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मूतखड्यावरच्या उपचारांची तुलना करणारा एक लेख आला. जुनी पद्धत पोट किंवा कूस उघडून खडा काढण्याची; नवी, पाठीला लहानसं छिद्र पाडून दुर्बिणीने काढण्याची. दोन्हीकडे ३५० रुग्ण. जुन्या पद्धतीने २७३ जणांना गुण आला, म्हणजे ७८ टक्के. नव्या पद्धतीने २८९ जणांना, ८३ टक्के. कुणीही म्हणेल, नवी पद्धत सरस.

आता तेच रुग्ण खड्याच्या आकारानुसार वेगळे करू. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खडे असलेल्यांत जुन्या पद्धतीने ८७ पैकी ८१ बरे झाले (९३ टक्के), नव्या पद्धतीने २७० पैकी २३४ (८७ टक्के). मोठ्या खड्यांत जुनीचे २६३ पैकी १९२ (७३ टक्के), नवीचे ८० पैकी ५५ (६९ टक्के). लहान खडा असो की मोठा, जुनी पद्धतच पुढे! आणि बेरीज केली की मागे. आकडे तपासून पाहा, कुठेही चूक नाही.

गोम रुग्णांच्या वाटणीत आहे. मोठा खडा कोणत्याही पद्धतीने निघायला अवघडच. असे अवघड रुग्ण जुन्या पद्धतीच्या वाट्याला २६३ आले आणि नवीच्या वाट्याला फक्त ८०. त्यामुळे जुनीच्या सरासरीवर मोठ्या खड्यांचं वजन पडलं, नवीच्या सरासरीला लहान खड्यांनी वर उचललं.

या गुंत्याला एडवर्ड सिम्प्सन यांच्या १९५१च्या लेखावरून सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. पण उडनी यूल यांनी तो १९०३मध्येच दाखवला होता. नाव मात्र सिम्प्सन यांचं चिकटलं.

मग खरी तुलना कशी करायची? समजा, सगळ्या ७०० रुग्णांवर एकच पद्धत वापरली असती. त्यात लहान खडेवाले ३५७, मोठे खडेवाले ३४३. प्रत्येक गटाला त्या पद्धतीची त्या गटातली टक्केवारी लावली, तर जुनीला सुमारे ८३ टक्के यश येतं आणि नवीला ७८. मूळ आकड्यांनी चक्क जागा बदलल्या.

म्हणून जुनी पद्धत जिंकली, असंही लगेच म्हणता येत नाही. मोठ्या खड्यांतला चार टक्क्यांचा फरक एवढ्याशा रुग्णांत निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. शिवाय गट पाडताना निवड जपून करावी लागते. खड्याचा आकार उपचाराच्या आधीच ठरलेला होता, म्हणून त्यावरून वेगळं करणं योग्य. पण शस्त्रक्रियेनंतर ताप आलेले आणि न आलेले असे गट पाडले, तर तो ताप उपचाराचाच परिणाम असू शकतो, आणि तिथे गटांतले आकडे दिशाभूल करतील, एकत्र बेरीजच जास्त खरी ठरेल. कोणता गट पाडायचा, हे टक्केवारीच्या तक्त्यात लिहिलेलं नसतं. त्यासाठी मूतखड्याच्या डॉक्टरलाच विचारावं लागतं.