लाल रंग किती लाल?

टीव्हीच्या मेनूतल्या रंग-व्यवस्थापनात लाल, हिरवा, निळा आणि त्यांचे जोडरंग वेगवेगळे सुधारता येतात. पण हात लावण्याआधी पांढरा आणि करडा रंग नीट बसवावा. तोच बिघडलेला असेल तर पुढची मेहनत वाया.

मग पडद्यासमोर मीटर लावून HCFR या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लाल पट्टा मोजावा. समजा, पांढऱ्याची चमक १०० निट आहे. एचडी चित्राच्या मानकाप्रमाणे लालची सुमारे २१ हवी, पण मीटर २७ दाखवतो. आधी लालची चमक उतरवावी, कारण डोळ्याला तीच आधी खुपते. आलेखावर बिंदू त्रिकोणाबाहेर गेला असेल तर सॅच्युरेशन कमी करावं. पिवळ्याकडे झुकला असेल तर ह्यू फिरवावा. एक बदलला की बाकीचे हलतात, म्हणून प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचं.

खरी परीक्षा पुढे असते. पूर्ण लाल जुळला तरी पाऊण सॅच्युरेशनचा लाल कधी चुकतो. अशा वेळी मी पाऊणचाच जुळवेन, कारण चेहऱ्यांचे रंग आतल्या भागात असतात. संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसू लागले, तर मात्र सेटिंग अति ताणलंय असं समजून मागे यावं. आणि पडद्यालाच न जमणारा गडद रंग कुठल्याही मेनूतून येत नाही.