सातबाऱ्यावरचे कलम ४३

पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारी संरक्षित कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार ठरली. तहसीलदाराने ठरवलेली किंमत भरली की ‘३२-म’चे प्रमाणपत्र मिळते. तो कागद जिवापाड जपावा. पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘कलम ४३ चे बंधनास पात्र’ हा शेरा राहतो. परवानगीशिवाय केलेली विक्री त्यामुळे बेकायदा ठरते.

२०१४च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. खरेदीला १० वर्षे झाली असतील, तर परवानगी लागत नाही. विक्रीआधी आकाराच्या ४० पट नजराणा भरायचा. आकार ५ रुपये असेल तर नजराणा फक्त २०० रुपये! मात्र घेणारा शेतकरीच हवा, शिवाय कमाल जमीनधारणा व तुकडेबंदी पाळावी लागते.