पोटफुगी (गुरे व शेळ्या)

पोटफुगी हा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटात वायू साठून राहिल्याने होणारा तातडीचा विकार आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात, वैराग परिसरासारख्या ज्वारी, तूर व सोयाबीन पिकवणाऱ्या भागात लसूणघास अथवा कोवळा द्विदल चारा रिकाम्या पोटी भरपूर खाल्लेल्या गायींमध्ये, तसेच शेळ्यांमध्ये तो आढळतो. उपचार न मिळाल्यास जनावर काही तासांत दगावू शकते.

कोटीपोटात चाऱ्याचे आंबवण सतत चालू असते व त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन तयार होतात. निरोगी जनावर हा वायू ढेकरेवाटे बाहेर टाकते. ढेकर थांबली की कोटीपोट ताणले जाते, ते छातीच्या पडद्यावर दाब देते, फुफ्फुसे पसरू शकत नाहीत आणि हृदयाकडे परतणारे रक्तही अडते. मृत्यू गुदमरून व रक्ताभिसरण खुंटून होतो. डावी भकाळी वर येणे हे पहिले लक्षण होय. पुढे जनावर चरणे व रवंथ सोडते, पोटाला लाथा मारते, तोंड उघडून श्वास घेते आणि अखेर कोसळते.

== दोन प्रकार ==

फेसाळ पोटफुगीत वायूचे बारीक बुडबुडे चाऱ्याच्या रसात अडकून घट्ट फेस होतो. कोवळ्या लसूणघासातील विद्राव्य प्रथिने व पानांचे सूक्ष्म कण हा फेस टिकवून धरतात. बुडबुडे एकत्र येत नाहीत, म्हणून ढेकरेला मोकळा वायूच मिळत नाही. एकाच गोठ्यातील दोन-तीन जनावरे एकाच वेळी फुगली, तर प्रथम हाच संशय घ्यावा.

मुक्तवायू पोटफुगीत फेस नसतो. वायू वरच्या भागात मोकळा साठतो, पण त्याची वाट बंद असते. अन्ननलिकेत आंब्याची कोय, बटाटा किंवा उसाचा तुकडा अडकणे हे नेहमीचे कारण. अशा वेळी बहुधा एकच जनावर आजारी पडते, लाळ गाळते व वारंवार मान ताणते. जनावर एका कुशीवर फार वेळ पडून राहिल्यानेही हा प्रकार होतो. पुनःपुन्हा पोट फुगत असेल, तर तार गिळल्याची शक्यता तपासावी लागते.

भकाळीवर बोटांनी ठोकल्यास मुक्तवायूत नगाऱ्यासारखा आवाज येतो, फेसाळ प्रकारात तो मंद असतो. मात्र हा फरक नवख्याला फसवतो. खरी परीक्षा नळीचीच.

== तातडीचे उपाय ==

जनावर उभे ठेवून त्याचा पुढचा भाग उंचावर घ्यावा. तोंडात आडवी काठी बांधल्यास ते चघळते, लाळ सुटते व ढेकरेला मदत होते. त्याच वेळी पशुवैद्यकास बोलवावे. राज्यात १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

समजा, सकाळी ओला लसूणघास खाल्लेली गाय तासाभरात फुगली. तोंडात भोक असलेला लाकडी ठोकळा धरून, नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजलेली तेल लावलेली नळी हळूहळू आत सरकवतात. नळीच्या टोकातून श्वासाबरोबर हवा आत-बाहेर होत असेल किंवा गाय खोकत असेल, तर नळी श्वासनलिकेत गेली आहे. ती लगेच काढावी. योग्य जागी पोचल्यावर वायू जोराने बाहेर पडून भकाळी बसली, तर प्रकार मुक्तवायूचा. नळीतून नुसता फेस येऊन ती तुंबली आणि पोट तसेच राहिले, तर प्रकार फेसाळ. मग त्याच नळीतून २५० ते ५०० मिलिलिटर खाद्यतेल सोडतात. शेळीला सुमारे ५० ते १०० मिलिलिटर पुरते. तेलाने बुडबुडे फुटतात व नंतर ढेकर येते. नळीजवळ बिडी वा दिवा नको, कारण मिथेन पेट घेतो.

नळी नसल्यास तेल तोंडाच्या कडेने थोडे थोडे पाजतात, जीभ ओढून नव्हे. घाईने किंवा नाकातून पाजलेले तेल फुफ्फुसात जाते आणि पोटफुगीतून वाचलेले जनावर पुढे न्यूमोनियाने मरते. आडव्या पडलेल्या जनावराला काही पाजू नये.

जनावर कोसळण्याच्या बेतात असल्यास पशुवैद्यक डाव्या भकाळीत ट्रोकार खुपसून त्याची नळी आत ठेवतात. शेवटची बरगडी, कमरेचे हाड आणि कण्याची कडा यांपासून साधारण सारख्या अंतरावरची जागा निवडून टोक उजव्या कोपराच्या दिशेने जाते. फेसाळ प्रकारात साधी नळी तुंबते. रुंद नळी किंवा कोटीपोट चिरण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. सुरी वा सुईने घरीच भोसकल्यास पोटाच्या पोकळीत जंतुसंसर्ग होतो, म्हणून हा उपाय मृत्यू समोर दिसत असतानाच क्षम्य आहे.

== साम्य असलेले विकार ==

खळ्यावर शिरून ज्वारीचे दाणे भरपूर खाल्लेल्या शेळीचे पोटही फुगते, परंतु तेथे मूळ दोष कोटीपोटातील आम्ल वाढण्याचा असतो. पोट दाबल्यास पाणी हलल्यासारखे वाटते, पुढे पातळ आंबूस हगवण लागते. तिला तेलाने गुण येत नाही. कोवळ्या अथवा खोडव्याच्या ज्वारीतील सायनाइडची बाधा झाल्यास मात्र जनावर थरथरते व धापा टाकत मिनिटांत कोसळते. त्यावर वेगळे प्रतिविष शिरेतून द्यावे लागते.

== प्रतिबंध ==

लसूणघास सोडण्यापूर्वी जनावराला कडबा किंवा वाळका चारा खाऊ घालतात. ओला घास कापून काही तास सुकवून, कडब्यात मिसळून दिल्यास धोका घटतो. फुलोऱ्यावर आलेला घास कोवळ्यापेक्षा कमी फेस करतो.