उत्तर न आलेल्या अर्जाची विचारपूस

इंटर्नशिपचा अर्ज पाठवून दोन आठवडे झाले की घरात दोन मते पडतात. एक मत, "पुन्हा लिहू नकोस, मागे लागल्यासारखं दिसतं." दुसरे मत, "मेलबिल राहू दे, सरळ फोन लाव आणि विचार." विद्यार्थी बिचारा दोन्ही ऐकतो आणि रोज इनबॉक्स उघडून बघतो. खरे तर अशा वेळी सात-आठ ओळींचा विचारणा करणारा मेल पाठवणे हे कामाच्या जगात अगदी रूढ आहे. ऑफिसात त्याला 'फॉलो-अप' म्हणतात आणि त्याचे कुणाला वाईटही वाटत नाही. तो कसा लिहायचा हे समजण्यासाठी आधी आपल्या अर्जाचे पलीकडे काय होत असते ते पाहायला हवे.

भोसरीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे उदाहरण घेऊ. सांगलीची एक विद्यार्थिनी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात आहे आणि उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी तिने १० मार्चला अर्ज पाठवला. तो पोहोचतो एचआरच्या सामाईक मेलबॉक्समध्ये. हा मेलबॉक्स बघणाऱ्या माणसाकडे हजेरी, पगार आणि नव्या भरतीची कागदपत्रे ही कामेही असतात. इंटर्न किती घ्यायचे, कोणत्या विभागात घ्यायचे आणि त्यांच्याकडे लक्ष कोण देणार, हे मात्र तो ठरवत नाही. ते विभागप्रमुख सांगतात. मार्चअखेर म्हटल्यावर विभागप्रमुख स्टॉक मोजण्यात आणि वर्षाचे आकडे जुळवण्यात गुंतलेले. त्यांनी आकडा दिला नाही तर एचआरकडे कळवण्याजोगे काहीच नसते आणि "अजून ठरलेलं नाही" असे प्रत्येक अर्जदाराला कुणी लिहीत बसत नाही.

म्हणून दोन आठवड्यांच्या शांततेचा अर्थ बहुतेकदा 'नकार' असा नसून 'निर्णय बाकी' असा असतो. फॉलो-अप मेलने जागा निर्माण होत नाही. पण निर्णय व्हायचा असेल तर खाली गेलेला अर्ज पुन्हा वर येतो आणि हा उमेदवार अजून उपलब्ध आहे, एवढे समोरच्याला कळते. त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची ती इतकीच.

लिहायला बसण्यापूर्वी थोडी तपासणी करावी. जाहिरातीत अर्जाची अंतिम तारीख दिली असेल तर दोन आठवडे त्या तारखेपासून मोजायचे, आपण अर्ज पाठवला त्या दिवसापासून नाही. "फक्त निवड झालेल्यांनाच कळवले जाईल" असे जाहिरातीत किंवा आपोआप आलेल्या पोचेत लिहिले असेल, तर विचारणा करायला हरकत नाही, पण उत्तर न येण्याची तयारी ठेवावी. मग स्पॅम फोल्डर उघडून बघावे. कधी कंपनीचे उत्तर तिथे जाऊन पडलेले असते, तर कधी पत्ता चुकल्याने मेल परत आल्याची सूचना. शेवटी आपला पाठवलेला मेल उघडून बायोडेटा खरोखर जोडला होता का ते पाहावे. जोडायचा राहून गेला असेल तर सगळा खुलासा तिथेच होतो आणि मग फॉलो-अपऐवजी एका ओळीची दिलगिरी व्यक्त करून पूर्ण अर्ज पाठवणे हेच काम उरते.

आता मेल. तो नव्याने सुरू करू नये. 'सेंट'मधला आपला मूळ अर्ज उघडून त्यालाच रिप्लाय करावा. जीमेलमध्ये असे केले की 'प्रति'च्या रकान्यात कंपनीचाच पत्ता येतो, विषयाच्या आधी Re: लागते आणि जुना अर्ज खाली तसाच राहतो. वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. विषय मात्र बदलायचा नाही, बदलला की तो वेगळा मेल धरला जातो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रिप्लाय करताना मूळ मेलला जोडलेल्या फाइली सोबत जात नाहीत. बायोडेटा पुन्हा जोडावाच लागतो.

मजकुराकडे वळू. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी साधारण असे लिहितात:

"सर/मॅडम, मी पंधरा दिवसांपूर्वी आपल्याकडे इंटर्नशिपसाठी अर्ज केला होता. अद्याप आपल्याकडून काहीही उत्तर आलेले नाही. मला कॉलेजमध्ये कळवायचे आहे. तरी कृपया लवकरात लवकर कळवावे, ही विनंती."

यात 'कृपया' आहे, 'विनंती' आहे, तरी मेल जमलेला नाही. 'अद्याप काहीही उत्तर आलेले नाही' हे वाक्य तक्रारीचे आहे. वाचणाऱ्याला त्यात आपली चूक दाखवलेली दिसते. अर्ज कोणत्या विभागासाठी, कोणत्या तारखांसाठी, हे कुठेच नाही. 'लवकरात लवकर' म्हणजे कधीपर्यंत, तेही नाही. शिवाय नेमके काय कळवायचे? निवड झाली का, अर्ज पोहोचला का, की मुलाखत कधी आहे? प्रश्नच स्पष्ट नसेल तर उत्तर देणारा मेल बाजूला ठेवतो, आणि बाजूला ठेवलेला मेल सहसा तिथेच राहतो.

हाच मेल असा लिहिता येईल:

"विषय: Re: उन्हाळी इंटर्नशिपसाठी अर्ज, क्वालिटी विभाग

नमस्कार,

मी सांगली येथे अभियांत्रिकीच्या मेकॅनिकल शाखेत तिसऱ्या वर्षात शिकते. आपल्या क्वालिटी विभागातील उन्हाळी इंटर्नशिपसाठी मी १० मार्च रोजी याच पत्त्यावर अर्ज पाठवला होता. त्याबाबत विचारणा करण्यासाठी हा मेल लिहीत आहे.

१ जून ते ११ जुलै असे सहा आठवडे मी पूर्णवेळ येऊ शकते. मधल्या काळात कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेज कॅलिब्रेशनचे प्रात्यक्षिक पूर्ण केले असून सोबतच्या बायोडेटात त्याची नोंद केली आहे.

या विभागातील इंटर्नच्या जागांचा निर्णय झाला आहे का, आणि झाला नसल्यास तो साधारण कधी अपेक्षित आहे, एवढे कळवावे ही विनंती. ना हरकत पत्रासाठी मला कंपनीचे नाव कॉलेजला १५ एप्रिलपर्यंत द्यायचे आहे.

बायोडेटा आणि कॉलेजचे शिफारसपत्र पुन्हा जोडले आहे.

आपली नम्र,
(पूर्ण नाव, शाखा व वर्ष, मोबाइल क्रमांक)"

यात उत्तर आले नसल्याचा उल्लेखच नाही. अर्ज कधी पाठवला ते सांगितले की किती दिवस गेले हे वाचणाऱ्याला आपोआप कळते. पहिल्या परिच्छेदात कोण, कोणत्या विभागासाठी आणि कधी, हे सगळे येते, त्यामुळे खालचा जुना मेल न वाचताही काम भागते. दुसऱ्या परिच्छेदात एचआरला खरोखर लागणारी माहिती आहे, म्हणजे तारखा. त्यासोबत एक नवी गोष्ट आहे, मोजमापाच्या उपकरणांच्या तपासणीची. अशी नवी भर खरी असेल तरच घालावी, नसेल तर ते वाक्य सरळ गाळावे. मूळ अर्जातले गुण पुन्हा सांगण्यात अर्थ नाही.

मेलचा जीव आहे तिसऱ्या परिच्छेदात. तिथला प्रश्न "माझी निवड झाली का?" असा नाही. त्याचे उत्तर कदाचित एचआरलाही माहीत नसेल. "निर्णय झाला का, नसल्यास कधी?" याचे उत्तर मात्र एका ओळीत देता येते. "एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कळवू" एवढे लिहिले की समोरच्याचे काम संपते. १५ एप्रिल ही तारीखही खरी हवी. कॉलेजच्या ना हरकत पत्राची मुदत हे पटण्यासारखे कारण आहे. उगाच "माझ्याकडे दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे" अशी बतावणी केली, तर "मग ती घ्या" असे उत्तर यायला वेळ लागत नाही.

कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत असेल तर हाच मजकूर साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहावा. 'काइंडली डू द नीडफुल' असल्या सरकारी वळणाच्या वाक्यांची गरज नाही, कारण त्यांतून नेमके काय करायचे ते कळत नाही. जाहिरातीत संपर्काच्या व्यक्तीचे नाव असेल तर तिला नावाने 'नमस्कार' करावा. संचालकांना किंवा कारखान्याच्या प्रमुखांना सीसीत घालू नये. ती एचआरची वरिष्ठांकडे केलेली तक्रार ठरते. आणि एकच मजकूर पाच कंपन्यांना पाठवत असाल तर पाठवण्यापूर्वी कंपनीचे आणि विभागाचे नाव पुन्हा वाचा. दुसऱ्याच कंपनीचे नाव राहून गेलेला मेल कितीही नम्र असला तरी वाया जातो.

कधी पाठवायचा? कामाच्या दिवशी सकाळी. सोमवारी सकाळी मेलबॉक्स आधीच भरलेला असतो, तो टाळावा. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी भागातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. तिथे बुधवारी संध्याकाळी पाठवलेला मेल शुक्रवारच्या गर्दीत सापडतो. म्हणून आपल्या कंपनीची सुट्टी कोणत्या वारी असते ते आधी पाहावे. रात्री लिहायला वेळ मिळाला तर जीमेलमधली ठरावीक वेळी मेल पाठवण्याची सोय वापरता येते. १० मार्चच्या अर्जाची विचारणा बुधवारी, २५ मार्चला सकाळी दहाच्या सुमारास गेली तर वेळ योग्य साधली.

त्यानंतर थांबायचे. उत्तर आले तर त्याच दिवशी पोच द्यावी, मग तो नकार का असेना. आठवडा-दहा दिवस उलटूनही काही आले नाही तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या ऑफिस क्रमांकावर एकदा फोन करावा आणि इंटर्नशिपचे अर्ज कोण पाहते एवढेच विचारावे. समाजमाध्यमांवरून एचआरच्या माणसाचा वैयक्तिक क्रमांक शोधून त्यावर संदेश पाठवणे मात्र टाळावे. त्या फोननंतरही काही कळले नाही तर तो अर्ज संपला असे धरून चालावे.

या सगळ्या काळात इतर कंपन्यांकडचे अर्ज चालू ठेवायलाच हवेत. दुसरीकडे जागा मिळाली, तर पहिल्या कंपनीला दोन ओळींत अर्ज मागे घेत असल्याचे कळवावे. त्यांच्या यादीतले एक नाव कमी होते आणि ती जागा दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला मिळू शकते.