दोन्ही कडा सरळ, मध्ये खिंडारे

एखाद्या संस्थेची स्मरणिका, गणेशोत्सव मंडळाचा अहवाल किंवा पदरमोड करून काढलेला दिवाळी अंक चाळताना एक पान पुष्कळदा समोर येते. दोन-तीन अरुंद स्तंभ, प्रत्येकाच्या डाव्या-उजव्या कडा अगदी सरळ, आणि ओळींच्या आत मात्र खिंडारे. एका ओळीत सहा शब्द दाटीने बसलेले, तर तिच्याच खाली तीन शब्द एकमेकांपासून फटकून उभे. असे पान नुसते कुरूप दिसते असे नाही, ते वाचायलाही त्रास होतो. दोन शब्दांमधले अंतर दोन ओळींमधल्या अंतराहून जास्त झाले, की नजर पुढच्या शब्दावर जायच्या ऐवजी खालच्या ओळीवर घसरते. अशी खिंडारे सलग चार-पाच ओळींत एकाखाली एक आली, तर मजकुरातून पांढरा पट्टा वाहत गेल्यासारखा दिसतो. इंग्रजी मुद्रक त्याला ‘रिव्हर’ म्हणतात.

दोष बहुतेक वेळा डीटीपी करणाऱ्याच्या माथी मारला जातो आणि तो बिचारा ‘जस्टिफाय केलं की असंच होतं’ म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात हा साधा हिशेब आहे, आणि तो समजला की उपायही दिसू लागतात.

स्तंभाची रुंदी 60 मिलिमीटर धरू. अक्षर 11 पॉइंटचे आणि दोन शब्दांमधली नेहमीची जागा सुमारे 1 मिलिमीटर. मजकूर असा: ‘दहावीच्या विद्यार्थ्यांना सोमवारपासून आपल्या परीक्षाकेंद्रावरच्या सूचनाफलकावर बैठकव्यवस्था पाहता येईल.’ फॉन्टप्रमाणे मापे थोडी बदलतील, पण पहिले चार शब्द मिळून साधारण 47 मिलिमीटर जागा घेतात. उरले 13. पुढचा शब्द ‘परीक्षाकेंद्रावरच्या’, तो एकटाच 20 मिलिमीटरचा. तो मावत नाही, म्हणून अख्खा खालच्या ओळीत जातो. उरलेले 13 मिलिमीटर चार शब्दांमधल्या तीन फटींना वाटून द्यावे लागतात. प्रत्येक फटीच्या वाट्याला सव्वाचार मिलिमीटर येतात, म्हणजे नेहमीच्या चौपटीहून जास्त. हेच खिंडार.

आता स्तंभ दुप्पट रुंद करून पाहा. ओळीत साधारण नऊ शब्द आणि आठ फटी येतील. नेहमीच्या फटी सोडल्यावर ओळीअखेर तितकीच, म्हणजे 10 मिलिमीटर जागा शिल्लक राहिली, तरी ती आठ ठिकाणी वाटली जाते. प्रत्येक फट सव्वा मिलिमीटरने वाढून सव्वादोनची होते. डोळ्याला ती सैल वाटेल, पण खुपणार नाही. म्हणजे मुख्य प्रश्न ओळीत फटी किती, हा आहे.

मराठीत तो अधिक बिकट होतो, कारण आपले प्रत्यय आणि बरीचशी शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. इंग्रजीत जिथे तीन-चार सुटे शब्द पडतात, तिथे मराठीत ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ असा एकच लांब शब्द असतो. तेवढ्याच मजकुरात फटी कमी आणि न मावणारे शब्द जास्त. म्हणून इंग्रजी मासिकाची तीन स्तंभांची मांडणी जशीच्या तशी उचलून मराठी मजकूर तीत ओतला, की पान बिघडते. अक्षर मोठे केले तरी परिणाम तोच, कारण स्तंभ त्या मानाने अरुंदच होतो. ओळीत सरासरी सात-आठ शब्द बसत नसतील, तर तीनाचे दोन स्तंभ करणे किंवा अक्षर अर्ध्या पॉइंटने उतरवणे हा पहिला उपाय.

दुसरा उपाय शब्द तोडण्याचा. वरच्या ओळीत ‘परीक्षाकेंद्रावरच्या’ हा शब्द ‘परीक्षा-’ एवढा वर ठेवून ‘केंद्रावरच्या’ खाली नेला तर काय होते ते पाहा. ‘परीक्षा’ आणि संयोगचिन्ह मिळून 9 मिलिमीटर. आधीचे 47 धरून झाले 56. उरलेले 4 मिलिमीटर आता चार फटींत वाटायचे, म्हणजे प्रत्येकी बरोबर 1. एका छोट्याशा आडव्या रेघेने खिंडार बुजले.

शब्द कुठेही तोडता येत नाही. व्यंजनापासून त्याची मात्रा किंवा वेलांटी अलग करायची नाही, जोडाक्षर फोडायचे नाही, आणि ओळीच्या टोकाला किंवा पुढच्या ओळीच्या आरंभी एकटे अक्षर ठेवायचे नाही. सामासिक शब्दाचा सांधा सर्वांत चांगला: ‘परीक्षा-केंद्र’, ‘सूचना-फलक’, ‘बैठक-व्यवस्था’. माणसांची नावे शक्यतो तोडू नयेत. लागोपाठ दोनांहून जास्त ओळी संयोगचिन्हावर संपू नयेत, नाहीतर उजव्या कडेला रेघांची शिडी तयार होते.

मग मराठी मांडणीत शब्द तोडायला इतका नकार का? एक कारण जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये आहे. त्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांचीच रांग असते. तिथे शब्द तोडण्याची सोय चालू ठेवली, तर संगणक इंग्रजीच्या नियमाने तोडतो आणि काना एका ओळीत, अक्षर दुसऱ्या ओळीत अशी दुर्दशा होते. साहजिकच ती सोय बंद ठेवणे शहाणपणाचे ठरते. पण मजकूर युनिकोडमध्ये असेल, तर ते कारण उरत नाही. तेव्हा मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली आहे का, आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीचे शब्द तोडण्याचे नियम आहेत का, हे आधी तपासावे. भाषा चुकून इंग्रजी राहिली असेल, तर शब्द तोडण्याची सोय चालू करूनही मराठी शब्द तसेच अखंड राहू शकतात.

नियम उपलब्ध नसतील तरी हात बांधले जात नाहीत. शब्दात ‘इथे तोडले तर चालेल’ अशी अदृश्य खूण घालता येते. वर्ड आणि लिबरऑफिसमध्ये ती Ctrl आणि - दाबून येते, इनडिझाइनमध्ये Ctrl, Shift आणि - दाबून. शब्द ओळीच्या मध्ये असेल तर ती दिसत नाही, शेवटी आला तरच संयोगचिन्ह उमटते. साधे संयोगचिन्ह टंकून शब्द तोडणे मात्र टाळावे. मजकूर पुढे-मागे सरकला, की ते ‘परीक्षा-केंद्र’ ओळीच्या मध्येच उघडे पडते.

तिसरा उपाय ओळी पाडण्याच्या पद्धतीत आहे. साधे सॉफ्टवेअर एकेक ओळ भरते. मावेल तेवढे घेते, ओळ बंद करते आणि मागे वळून पाहत नाही. डोनाल्ड क्नुथ आणि मायकेल प्लास यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अख्खा परिच्छेद एकदम पाहण्याची रीत मांडली. क्नुथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ती वापरली जाते. तिचे मर्म असे: फट जितकी ताणली जाते, त्याच्या घनाच्या प्रमाणात त्या ओळीचा दोष मोजायचा. एका मापाने ताणलेल्या दोन ओळींचा दोष 1 अधिक 1, म्हणजे 2. पण एक ओळ अगदी नीट आणि दुसरी दोन मापांनी ताणलेली असेल, तर दोष 8. म्हणून ही रीत एखादा शब्द आधीच खाली ढकलून पहिली ओळ किंचित सैल करते आणि तिसऱ्या ओळीतले खिंडार टाळते. इनडिझाइनमध्ये मराठीसाठी याच जातीचा पर्याय Adobe World-Ready Paragraph Composer या नावाने मिळतो. नावातला Paragraph महत्त्वाचा. Single-line Composer निवडलेले असेल, तर पुन्हा एकेका ओळीचाच विचार होतो.

त्याच सॉफ्टवेअरच्या Justification या चौकटीत शब्दांमधल्या जागेची मर्यादा ठरवता येते. मुळात ती किमान 80, इष्ट 100 आणि कमाल 133 टक्के असते, आणि मराठीसाठीही ती वाईट नाही. पण तिथेच खाली Letter Spacing आहे, आणि त्याला देवनागरीत हात लावू नये. रोमन लिपीत अक्षरे सुटी असतात, ती केसभर दूर सरकवली तर चालून जाते. देवनागरीत शिरोरेखा अक्षरांना जोडते. अक्षरांमधली जागा वाढवली, की ती रेघ जागोजागी तुटते आणि एका शब्दाचे तुकडे दिसू लागतात. तेथील तिन्ही आकडे शून्यच ठेवावेत. अक्षराची रुंदी बदलणारे Glyph Scaling वापरायचेच असेल, तर 98 ते 102 टक्क्यांच्या आत. त्यापलीकडे अक्षरांचा जाड-बारीकपणा डोळ्याला कळू लागतो.

वर्डमध्ये एक वेगळाच घोटाळा असतो. परिच्छेद संपवताना Enter ऐवजी Shift आणि Enter दाबले, तर वर्ड त्या ओळीला परिच्छेदाची शेवटची ओळ मानत नाही आणि दोनच शब्द असले तरी ते दोन टोकांना ताणून बसवतो. अशा ओळी कवितेत, पत्त्यात आणि दुसरीकडून उचलून आणलेल्या मजकुरात हमखास सापडतात. शोधा-आणि-बदला या सोयीत ^l शोधून त्याजागी ^p घातले, की त्या सरळ होतात.

एवढे करूनही एखादी ओळ हट्टाने सैल राहते. तिथे संपादकाच्या लेखणीचे काम. आपल्या वाक्यात लेखकाच्या संमतीने ‘परीक्षाकेंद्रावरच्या सूचनाफलकावर’ऐवजी नुसते ‘केंद्रात’ केले, तर तो साडेसात मिलिमीटरचा शब्द पहिल्याच ओळीत मावतो. उरलेले साडेपाच मिलिमीटर चार फटींत वाटले, की प्रत्येकी दीड मिलिमीटरच्या आतच राहतात. शब्द तोडावा लागत नाही आणि वाक्यही सुटसुटीत होते. हा उपाय बातमीत, सूचनेत, अहवालात चालतो. कवितेत किंवा दुसऱ्याच्या अवतरणात मुळीच चालत नाही.

पान छपाईला देण्याआधी ते उलटे धरून डोळे बारीक करून पाहावे. अर्थ लागत नसल्यामुळे नजर शब्दांत अडकत नाही आणि पांढरे पट्टे चटकन दिसतात. ज्या स्तंभात ते वरच्या उपायांनीही जात नाहीत, तो स्तंभ डावीकडून सरळ आणि उजवीकडून मोकळा सोडावा. वर्डमध्ये त्यासाठी Ctrl आणि L एवढेच दाबावे लागते. उजवी कड थोडी वरखाली झाल्याने वाचक अडत नाही, शब्दांमधल्या खिंडारांनी अडतो. म्हणून अरुंद मराठी स्तंभात जस्टिफाय करायचे असेल, तर शब्द तोडण्याची तयारी ठेवावी. ती नसेल, तर जस्टिफाय करू नये.