कोटेशन चुकतं ते नेमकं कुठल्या ओळीत?

भोसरीतल्या किंवा चाकणच्या एखाद्या टूलरूमकडे प्लास्टिकच्या भागाचं ड्रॉइंग येतं आणि ग्राहकाला दोन दिवसांत कोटेशन हवं असतं. मोल्ड म्हणजे साचा बनवायला किती तास लागतील, यावर सगळी किंमत ठरते. मालक ड्रॉइंग फिरवून फिरवून बघतो, मागे केलेला एखादा तसलाच मोल्ड आठवतो आणि आकडे मांडतो. डिझाइनला ४० तास, मिलिंगला १२०, तांब्याच्या इलेक्ट्रोडने कोपरे कोरणाऱ्या स्पार्क मशीनला ६०, फिटिंग-पॉलिशला ७०, पहिल्या ट्रायलनंतरच्या दुरुस्तीला २०. एकूण ३१०. त्याला ताशी दर लावायचा, पोलादाचा आणि बाहेरून करून घ्यायच्या कामांचा खर्च मिळवायचा, की कोटेशन तयार. मोल्ड ग्राहकाकडे जातो तेव्हा मात्र जॉब कार्डांवरची बेरीज ३९० भरते. वरचे ८० तास मालकाच्या खिशातून गेलेले असतात.

वीस वर्षं मोल्ड केलेल्या माणसाचा अंदाज असा का चुकावा? तो आळशी नसतो आणि अडाणीही नसतो. डॅनिएल कानेमान आणि आमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या चुकीला नियोजनाचा भ्रम असं नाव दिलं. पुढे १९९४ साली कॅनडातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रबंध पूर्ण व्हायला किती दिवस लागतील, असं त्यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती, असंही विचारलं, तेव्हा उत्तर आलं ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला. अंदाज करताना आपण समोरचं काम कसं पार पडेल याची गोष्ट मनात रचतो आणि त्या गोष्टीत कटर तुटत नाही, ग्राहक ड्रॉइंग बदलत नाही. मागच्या पाच कामांत काय झालं, हा प्रश्न आपण विचारतच नाही. विचारला तरी उत्तर आठवणीतून येतं, आणि आठवण सोयीची असते.

म्हणून उत्तर कागदावरून यायला हवं. त्यासाठी एक वही पुरते, किंवा एक्सेलची एक शीट. प्रत्येक मोल्डसाठी कामाचा प्रकार, अंदाजाचे तास आणि खरे तास लिहायचे, आणि मोठा फरक पडला असेल तर त्याचं कारण एका ओळीत. यातलं सगळ्यात मोलाचं कुठलं असेल, तर कामाचा प्रकार.

समजुतीसाठी एक काल्पनिक उदाहरण धरू. एका टूलरूमने सहा मोल्ड केले आणि प्रत्येकाचा अंदाज वर दिला तसाच ३१० तासांचा होता. म्हणजे सहांचा मिळून १८६०. खरे लागले २३४०. भागाकार केला तर सुमारे १.२६. बहुतेक मालक इथेच थांबतात आणि ठरवतात, यापुढे सगळ्या अंदाजावर पंचवीस टक्के चढवायचे. हिशेब बरोबर दिसतो, पण इथेच घात आहे.

तेच तास प्रकारवार मांडू. डिझाइनला २४० च्या जागी २६४ लागले, गुणोत्तर १.१. मिलिंगला ७२० धरले होते, लागले ६८४. म्हणजे इथे अंदाज थोडा जास्तच होता. स्पार्कचं गुणोत्तर १.२. फिटिंग-पॉलिशला ४२० च्या जागी ६३०, म्हणजे दीडपट. आणि ट्रायलनंतरच्या दुरुस्तीला १२० च्या जागी ३३०, म्हणजे पावणेतीन पट. मशीनवर होणाऱ्या कामाचा अंदाज मालकाला उत्तम येतो. चुकतो तो हाताने होणाऱ्या आणि ट्रायलनंतर उपटणाऱ्या कामाचा.

आता दोन नवी ड्रॉइंग आली. पहिला भाग मोठा, पण सपाट आणि साधा. मिलिंगच २२० तासांचं, बाकी किरकोळ, एकूण अंदाज ३२०. सरसकट गुणलं तर ४०३ तासांचं कोटेशन जातं. प्रकारवार गुणलं तर साधारण ३५४ येतात. दुसरा भाग चकचकीत पृष्ठभागाचा, स्पार्क आणि पॉलिश भरपूर, एकूण अंदाज ३८०. सरसकट हिशेबाने ४७८ तास, प्रकारवार हिशेबाने ५०५. म्हणजे सरसकट टक्के लावणारा मालक पहिलं काम पन्नास तासांनी महाग सांगतो आणि ते शेजारच्या टूलरूमला जातं. दुसरं तो स्वस्त सांगतो आणि ते हमखास त्याच्या गळ्यात पडतं. सरासरी अचूक असूनही फायद्याची कामं सुटत जातात आणि तोट्याची साठत जातात. वर्षअखेरीला त्याला वाटतं, बाजार खराब आहे.

पण प्रकारवार गुणोत्तर मिळालं म्हणून लगेच गुणत सुटू नये. आधी त्या गुणोत्तराच्या पोटात काय आहे ते बघावं. फिटिंग-पॉलिशचं दीडपट हे सहा मोल्डांचं मिळून आहे. सुटं बघितलं तर असं दिसतं: १.१, १.२, १.१, १.८, १.९, १.९. दीडच्या जवळपास एकही नाही! हे सरळसरळ दोन कळप आहेत. जॉब कार्डं काढून बघितली तर पहिले तीन मोल्ड साध्या फिनिशचे होते, नंतरचे तीन आरशासारख्या पॉलिशचे. मालकाने मात्र सहांनाही ७० तासच धरले, कारण तो मोल्डचा आकार बघून फिटिंगचा अंदाज करतो आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली फिनिशची नोंद त्याच्या हिशेबात येतच नाही. आरशासारखं पॉलिश म्हणजे आधी दगडाने, मग बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने, शेवटी हिऱ्याच्या पेस्टने घासणं, आणि आधीच्या टप्प्यातला एक ओरखडा राहिला तर पुन्हा मागे जाणं. त्यामुळे इथे ‘फिटिंग-पॉलिश’ हा एक प्रकार मोडून फिटिंग वेगळं, साधं पॉलिश वेगळं आणि आरसा पॉलिश वेगळं असं करायला हवं. वरच्या चकचकीत भागाचा ५०५ चा आकडासुद्धा मग तोकडा ठरतो, कारण तो दीडच्या गुणोत्तराने काढला होता.

खूण साधी आहे. एखाद्या प्रकाराची गुणोत्तरं एकमेकांच्या जवळ असतील, सगळी १.२ च्या आसपास, तर बिनधास्त गुणा. अंदाज चुकीचा असला तरी एकाच रीतीने चुकतो आहे, आणि अशी चूक गुणाकाराने दुरुस्त होते. गुणोत्तरं विखुरलेली असतील तर आधी कारण शोधा आणि प्रकार मोडा.

दुरुस्तीच्या ओळीत मात्र मोडूनही सगळं सुटत नाही. अंदाज प्रत्येकी २० चा, खरे तास १०, २५, ४०, १५, १५० आणि ९०. त्या १५० चं कारण बघितलं तर त्यातले १०० तास ग्राहकाने ट्रायलनंतर भागाचं डिझाइन बदललं म्हणून गेलेले. हा अंदाजाचा दोष नाहीच. ते तास वेगळ्या नावाने लिहून त्यांचं वेगळं बिल करायला हवं होतं. एकाच रकान्यात टाकल्यामुळे मालकाला पैसेही मिळाले नाहीत आणि पुढच्या प्रत्येक ग्राहकाच्या कोटेशनमध्ये त्या एका ग्राहकाची लहर शिरली. ते १०० वगळले तरी १० पासून ९० पर्यंतचा पसारा उरतोच. प्लास्टिक थंड होताना किती आक्रसेल, कुठे खळगा पडेल, कुठल्या फटीतून पापुद्रा बाहेर येईल, हे पहिल्या ट्रायलशिवाय पूर्ण कळत नाही. अशा ओळीला एकच आकडा देणं म्हणजे स्वतःची फसवणूक. तिथे ‘१५ ते ६०’ असा पल्ला धरावा आणि किंमत पल्ल्याच्या वरच्या बाजूला झुकवावी.

हे सगळं उभं आहे ते खऱ्या तासांच्या नोंदीवर, आणि नोंद बिघडते ती ठरावीक ठिकाणी. ट्रायलनंतर मोल्ड पुन्हा मिलिंगवर चढला तर ऑपरेटर कार्डावर ‘मिलिंग’ लिहितो. झालं, दुरुस्तीचे तास मिलिंगच्या खात्यात लपले. काम कुठल्या मशीनवर झालं यापेक्षा ते कशासाठी झालं, हे लिहायला हवं. रात्री मशीन एकटंच चालत असेल तर मशीनचे तास आणि माणसाचे तास वेगळे ठेवावे लागतात. हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवलेला ब्लॉक चार दिवसांनी आला, तर ते चार दिवस डिलिव्हरीच्या तारखेत मोजायचे, कामाच्या तासांत नाही. आणि एक न मोडण्याचा नियम: काम सुरू झाल्यावर मूळ अंदाजाचा आकडा खोडायचा नाही. सुधारित अंदाज हवाच असेल तर शेजारच्या रकान्यात. मूळ आकडा गेला की तुलना करायला काहीच उरत नाही.

काही ओळींत अंदाजाच्या रकान्यात शून्यच असतं. ट्रायलसाठी ग्राहकाच्या कारखान्यात जाणं, मोल्डचे पाण्याचे मार्ग गळतीसाठी तपासणं, वेल्डिंग करून घेऊन पुन्हा घासणं. धरलेच नव्हते ते तास कितीने गुणले तरी शून्यच येणार. म्हणून या कामांची वेगळी यादी ठेवून पुढच्या कोटेशनच्या छापील तक्त्यात त्यांच्या ओळी घालाव्या लागतात. माझ्या मते अनेक टूलरूमना नुसत्या या यादीनेच सगळ्यात लवकर फायदा होईल.

गुणोत्तर वापरायला लागल्यावर आणखी एक घोळ होतो. मालकाला आता ठाऊक असतं की फिटिंगला कमी पडतं, म्हणून तो मनातच ७० चे ९० करतो आणि वर १.५ ने गुणतो. सुधारणा दोनदा झाली. कच्चा अंदाज नेहमीच्याच सवयीने करावा, वाढ फक्त तक्त्याने करावी. आणि वर्षातून दोनदा तरी गुणोत्तरं नव्याने काढावीत, कारण नवीन व्हीएमसी मशीन आलं किंवा जुना फिटर निवृत्त झाला की जुने आकडे शिळे होतात. एखाद्या प्रकाराची दोनतीनच कामं हाताशी असतील तर त्यांचं गुणोत्तर पूर्ण न लावता अर्ध्यावर थांबणं शहाणपणाचं. एका विचित्र मोल्डवरून धोरण ठरू नये.

शेवटचा मुद्दा माणसांचा. मालकाने हा तक्ता घेऊन फिटरला ‘७० चे १२६ का केलेस’ म्हणून झापलं, की त्या दिवसापासून वही खोटी झाली. पुढच्या कार्डांवर ७० च्या जागी ७०, ७१, ६९ दिसू लागतात आणि जास्तीचे तास दुसऱ्या मोल्डच्या नावावर जातात. खरे तास अंदाजाशी तंतोतंत जुळायला लागले, तर अंदाज सुधारला असं समजू नका, आधी नोंद तपासा. आपलं कोटेशन कुठे चुकतं हे बघायचं असेल, तर मागच्या सहा कामांची जॉब कार्डं काढा आणि सुरुवात ट्रायलनंतरच्या दुरुस्तीच्या ओळीपासून करा.